भूलपूर्व तपासणी : "गोळ्या चालू" या ओळीने अडवलं तेव्हा

बेळगाव भागातल्या एका रुग्णालयात भूलपूर्व तपासणीच्या छापील कागदावर औषधांना एकच ओळ आहे. तिथे बहुतेकदा "बीपी, शुगर, गोळ्या चालू" एवढंच लिहून येतं. भूलतज्ज्ञ म्हणून मला याचा अजूनही राग येतो. कुठली गोळी, किती मिलिग्रॅम, शेवटची कधी घेतली आणि आता कधी थांबवायची, हे नसेल तर ती ओळ कोरीच समजायची.

समजा, खानापूरकडचे 58 वर्षांचे शेतकरी आहेत आणि उद्या हर्नियाचं ऑपरेशन आहे. पिशवीतल्या पट्ट्या टेबलावर काढायला लावल्या, की शुगरच्या एकाच गोळीवर बारीक अक्षरात दोन नावं सापडतात: डापाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिन. यातली डापाग्लिफ्लोझिन ऑपरेशनच्या किमान 3 दिवस आधी बंद हवी. ती लघवीवाटे साखर बाहेर टाकते. त्यात उपास आणि ऑपरेशनचा ताण आला की शरीर चरबी जाळू लागतं आणि रक्तात कीटोन साचून आम्ल वाढतं. ग्लुकोमीटरवर मात्र 160 दिसतं, म्हणून मळमळ आणि धाप ऑपरेशनमुळेच असावी असं वाटून वेळ जातो. अशा वेळी साखर कितीही असो, रक्तातले कीटोन तपासायचेच.

गोळी आज सकाळीच घेतली असेल तर तारीख पुढे ढकलायची आणि मधल्या दिवसांत शुगरसाठी काय द्यायचं ते फिजिशियनला विचारायचं. आतडं अडकलं असेल तर थांबता येत नाही. मग शेवटच्या गोळीची वेळ ठळक लिहून कीटोनवर लक्ष ठेवायचं. बीपीची टेल्मिसार्टन 24 तास आधी थांबवतो, ॲम्लोडिपिन सकाळी घोटभर पाण्याबरोबर चालू.

घरच्यांना "3 दिवस आधी" असं सांगू नका. ऑपरेशन 16 ला असेल तर "शेवटची गोळी 12 ला, 13 पासून बंद" असं मराठीत लिहून पट्टीलाच चिकटवा.

उपाशी आहेत का, याला "होय" हे उत्तर पुरत नाही. दुधाचा चहा म्हणजे 6 तास, साधं पाणी 2 तास, तेलकट किंवा मटणाचं जेवण 8 तास. काय आणि किती वाजता, दोन्ही लिहा.

गुटखा खाणाऱ्याचं तोंड बोटांनी मोजाच. तीन बोटं मावायला हवीत; या शेतकऱ्याच्या तोंडात दोनच मावतात, आणि तोंड उघडल्यावर घसा किती दिसतो याची मॅलमपाटी ग्रेड 3. "एअरवे ठीक" न लिहिता हे आकडे लिहा. कण्यातून भूल द्यायची असली तरी ती अपुरी पडू शकते, म्हणून व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आणि फायबरऑप्टिक तयार ठेवायला कागदावरच सांगा.

शेवटी "फिट" हा शेरा नको. एचबीए1सी 9.1, म्हणजे मधुमेह आटोक्यात नाही, म्हणून भुलीआधीच्या तब्येतीची ग्रेड एएसए 3, असं कारणासह लिहा. या ग्रेडमध्ये अवघड तोंड धरलेलं नसतं, म्हणून त्याच्याच खाली वेगळ्या ओळीत: "नळी घालणं अवघड जाण्याची शक्यता".