मॅचमूव्ह नोंद: एरर कमी, तरी पेटी घसरते

शॉट साधा आहे. कॅमेरा हातात धरून फरशीवरच्या एका मोकळ्या जागेभोवती अर्धवर्तुळात फिरलोय आणि त्या जागी ब्लेंडरमधली लाकडी पेटी ठेवायची आहे. पहिल्या सॉल्व्हला Solve Error ०.३८ पिक्सेल आला. आकडा छानच, पण प्ले केल्यावर पेटीची खालची कड फरशीच्या सांध्यावरून हळूहळू सरकत होती.

पेटी कशी हलते यावरून बरंच कळतं. ती थरथरत असेल तर एखादा ट्रॅक डळमळीत असतो. एखाद्या फ्रेमला उडी मारली, तर तिथे एखादा ट्रॅक सुरू झालेला किंवा संपलेला असतो. संथ, एकाच दिशेचं घसरणं मात्र बहुतेक वेळा फोकल लेंग्थ किंवा खोली चुकल्याचं लक्षण. इथे बहुतेक ट्रॅक मागच्या भिंतीवर होते. सपाट भिंतीवरचे बिंदू जवळजवळ एकाच खोलीवर असल्याने चुकीची फोकल लेंग्थ आणि चुकीचं अंतर एकमेकांना सांभाळून घेतात, आणि एरर कमीच दिसतो. शिवाय तो सरासरी आकडा. भिंतीवरचे ट्रॅक संख्येने जास्त, म्हणून त्यांचंच ऐकलं जातं.

मग पेटीच्या आसपास आणि तिच्या पुढे, फरशीवर ट्रॅक लावले. कॅमेरा फिरतो तसा फरशीचा कोपरा तिरका होत जातो, त्यामुळे Motion Model मध्ये Loc ऐवजी Perspective घेतलं. Match मात्र Keyframe वरच ठेवलं, कारण Previous frame मध्ये प्रत्येक फ्रेमची बारीक चूक पुढच्या फ्रेममध्ये साठत जाते.

एक ट्रॅक काढूनच टाकावा लागला. टेबलाच्या पायाची कड मागच्या फरशीच्या रेषेला छेदते, तिथे दिसायला झकास कोपरा तयार होतो. ट्रॅकर त्याला घट्ट धरून ठेवतो, पण पाय पुढे आणि रेष मागे, त्यामुळे कॅमेरा हलला की तो छेद दोन्हींवरून सरकत जातो. तसा बिंदू खोलीत कुठेच नाही. बाकीचे ट्रॅक चांगले असतील तर अशा ट्रॅकचा स्वतःचा Average Error ठळकपणे वर जातो.

फोकल लेंग्थ Refine करून पुन्हा सॉल्व्ह केलं. एरर ०.६१ वर गेला, आणि पेटी जागच्या जागी बसली!

खात्रीसाठी फरशांच्या मापाची चौकोनी जाळी Set Floor ने ठरवलेल्या जमिनीवर टाकली. जाळीची जवळची ओळ सांध्यांवर बसते आणि लांबची सुटते, तेव्हा फोकल लेंग्थ अजून चुकलेली असते. आता दोन्ही ओळी बसतात. ज्या कोपऱ्यावर एकही ट्रॅक नाही तिथे ठेवलेला Empty सुद्धा शेवटच्या फ्रेमपर्यंत हलत नाही. ही कसोटी मला एररच्या आकड्यापेक्षा जास्त पटते.

फ्रेमच्या अगदी कडेला जाळी किंचित बाक घेऊन सुटते. ते लेन्स डिस्टॉर्शनचं काम, त्यासाठी आता K1 हातात घेतोय.