कंदी पेढ्यासोबत कोणती कॉफी?

आज साताऱ्यात ताईकडे एकाच चिकमगळूर कॉफीचे दोन रोस्ट कंदी पेढ्यासोबत पिऊन पाहिले. दोन्ही बिनसाखरेच्या, १५ ग्रॅम पावडरीला २४० मिली पाणी.

लाइट रोस्ट नुसती प्यायली तर सुंदर, संत्र्यासारखी आंबटगोड. पेढ्याचा घास खाऊन घोट घेतला आणि तीच कॉफी आंबट, पाणचट लागली. जिभेवर साखर असली की कॉफीतला गोडवा जाणवत नाही, उरतो तो आंबटपणा. मीडियम-डार्कमध्ये मुळात आंबटपणा कमी, आणि तिची भाजकी चव पेढ्याच्या खरपूस खव्याला थेट जाऊन मिळते. कडवटपणाही पेढ्याने मऊ होतो. मला तर ही जोडी चहा-पेढ्यापेक्षा कितीतरी सरस वाटली! फक्त रोस्ट फार काळपट नको, नाहीतर जळकेपणा वर येतो आणि खव्याची चव हरवते.

मग ताईने कांदाभजी तळली, तिथे लाइट रोस्टच जिंकली. तिच्या आंबटपणाने तोंडातला तेलकटपणा कापला गेला, लिंबू पिळल्यासारखा. लिंबू पिळलेल्या पोह्यांसोबत मात्र मी पुन्हा मीडियमच घेईन, कारण आंबटावर आंबट चढतं.

तुमच्याकडे पेढे असतील तर आधी पेढा खा, मग घोट घ्या. उलट केलंत तर हा फरक नीट कळत नाही.