निपाणी ते बेंगळूर व्हाया सायबर कॅफे: पाच महिने 'अंडर रिव्ह्यू'मध्ये अडकलेल्या पासपोर्टमागची आमची धावपळ

भाच्याचा पासपोर्ट. मार्चमध्ये बेळगावच्या हेड पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात जाऊन आला, फोटो, बोटांचे ठसे, कागद सगळं झालं, पंधरा दिवसात पोलीस घरी येऊन गेले आणि त्यानंतर पोर्टलवर जे 'रिजनल पासपोर्ट ऑफिसमध्ये अंडर रिव्ह्यू' असं उठलं ते ऑगस्टपर्यंत हललंच नाही. रोज सकाळी चहा पिता पिता फाईल नंबर आणि जन्मतारीख टाकायची, तेच वाक्य वाचायचं आणि कामाला लागायचं. दुबईच्या कंपनीचा इंटरव्ह्यू झालेला, ते लोक विचारायचे पासपोर्ट कधी, आणि आमच्याकडं सांगायला तेच वाक्य.

टोल फ्री नंबरवर (१८००-२५८-१८००) किती वेळा फोन केला ते मोजलं नाही. तिथली मुलं बोलायला चांगली असतात, पण त्यांच्या स्क्रीनवर तेच दिसतं जे तुमच्या मोबाईलवर दिसतं. फाईल ज्याच्या टेबलावर आहे त्या माणसापर्यंत त्यांना फोन जोडता येत नाही. त्यामुळं महिन्याभरानंतर तिथं फोन करणं मी बंद केलं, तुम्ही दोनदा करून बघा आणि सोडा.

पहिली कामाची गोष्ट घडली ती बेळगावात. पासपोर्टच्या फाईलला दोन बाजू असतात, एक पोलिसांची आणि एक पासपोर्ट ऑफिसची, आणि अडकलंय कुठल्या बाजूला हे कळल्याशिवाय पळण्यात अर्थ नाही. निपाणी पोलीस स्टेशनातून रिपोर्ट बेळगावला एसपी ऑफिसात जातो आणि तिथून पुढं. एसपी ऑफिसात पासपोर्टचं वेगळं टेबल असतं. मी आणि भाचा सकाळच्या लाल बसनं गेलो, फाईल नंबर दाखवला, तिथल्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, "रिपोर्ट एप्रिलमध्येच वर गेलाय, आमच्याकडं काही नाही." रिपोर्टात काय लिहिलंय ते सांगितलं नाही, सांगणारही नाहीत, पण मी तारीख विचारून वहीत लिहून घेतली. ही तारीख पुढं फार उपयोगी पडली. म्हणजे पोलिसांची बाजू संपली होती, गाठ बेंगळूरमध्ये होती. आपल्या सगळ्या कर्नाटकाच्या पासपोर्टचं मुख्य ऑफिस बेंगळूर, फाईल नंबर बघा, सुरुवात BN नं असते.

मग आरटीआय. लोक म्हणतात आरटीआयनं काय होतंय, पण माझा अनुभव असा की प्रश्न नीट विचारला तर होतंय. पासपोर्ट ऑफिस केंद्र सरकारचं, त्यामुळं rtionline.gov.in वरून अर्ज जातो, फी १० रुपये, तीही ऑनलाईन भरता येते. अर्ज भाच्याच्याच नावानं केला, कारण दुसऱ्याच्या फाईलची माहिती मागितली की वैयक्तिक माहिती म्हणून नाकारायला वाव मिळतो. भाषेचं पण सांगतो, कारण आपल्याकडं हा घोळ होतो: कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच आहे, आणि आपला भाग कर्नाटकात म्हटल्यावर ती कन्नड. मराठीत लिहायचा मोह मलाही झाला पण दहा रुपयांच्या कामात सीमाप्रश्न नको म्हणून इंग्रजीत लिहिला.

आणि अर्जात "माझा पासपोर्ट का अडवला?" असं विचारू नका. का, कशासाठी याचं उत्तर द्यायला ते बांधील नसतात, रेकॉर्डवर जे कागद आहेत तेवढंच द्यायचं असतं. मी चारच प्रश्न घातले. पोलीस रिपोर्ट तुमच्याकडं कुठल्या तारखेला आला. त्यानंतर फाईलवर कुठल्या तारखेला काय कारवाई झाली. अर्जदाराला काही पत्र पाठवलं असेल तर तारीख, पाठवायची पद्धत आणि कुठल्या पत्त्यावर किंवा ईमेलवर. आणि आज फाईल कुठल्या पदाच्या अधिकाऱ्याकडं आहे. तिसरा प्रश्न मी जरा उगाचच घातला होता, आणि सगळं त्याच्यातच निघालं.

मुदत ३० दिवसांची असते, आमचं उत्तर सव्विसाव्या दिवशी आलं. (मुदतीत आलं नाही तर त्याच साईटवरून पहिलं अपील करता येतं, त्याला फी नाही.) उत्तरात होतं की पोलीस रिपोर्ट प्रतिकूल आहे, अर्जदाराला मे महिन्यात ईमेलनं खुलासा मागितला आहे, अर्जदाराकडून उत्तर आलेलं नाही. आणि खाली तो ईमेल आयडी. भाच्यानं तो वाचला आणि म्हणाला, "मामा, हा माझा नव्हंच!"

आयडी होता आमच्या ओळखीच्या एका सायबर कॅफेवाल्याचा. फॉर्म त्यानंच भरलेला, लॉगिन त्यानंच काढलेलं, आणि येईल त्या गिऱ्हाईकाला तो स्वतःचाच ईमेल आणि स्वतःचाच जादा मोबाईल नंबर टाकतो, म्हणजे ओटीपीला गिऱ्हाईकाच्या मागं लागायला नको. रेशनकार्ड, स्कॉलरशिप, पासपोर्ट, सगळ्या निपाणीचे मेल त्या एका इनबॉक्समध्ये. आम्ही दुकानात गेलो तेव्हा न वाचलेल्या मेलचा आकडा पाच अंकी होता. त्यात फाईल नंबर टाकून सर्च केला तर एका सेकंदात पत्र वर आलं, मे महिन्यातलं, न उघडलेलं. तो बिचारा ओशाळला, चहा मागवला. मी काय बोलणार, फॉर्म भरताना आम्ही दोघं शेजारीच बसलो होतो की.

पत्रात लिहिलं होतं की पोलीस रिपोर्टनुसार अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, याचा खुलासा करा. आता हे कुठून आलं? भाचा कागलच्या फाईव्ह स्टार एमआयडीसीत कामाला, निपाणीपासून वीसेक किलोमीटर, पण राज्य दुसरं. रात्रपाळी असली की तिथंच दोस्तांच्या रूमवर झोपतो, सुट्टीला घरी. पोलीस आले तेव्हा घरात आक्का एकटी. त्यांनी विचारलं मुलगा कुठं आहे, आणि आक्कानं सरळ सांगितलं, "तो इथं नसतोय हो, तिकडं कागलला असतोय." आपल्या बोलण्यात याचा अर्थ कामाला तिकडं आहे एवढाच. पण कागदावर गेल्यावर तो झाला 'या पत्त्यावर राहत नाही, महाराष्ट्रात राहतो'. लिहिणाऱ्यानं खोटं काही लिहिलं नाही, आक्कानं पण खोटं काही सांगितलं नाही.

सीमेवरच्या पोरांनी हे ध्यानात घ्या, घर इकडं आणि काम तिकडं असलेले आपण हजारो आहोत. पोलीस तपासणी फॉर्ममधल्या सध्याच्या पत्त्यावर होते. खरोखरच कायम तिकडं राहत असाल तर तिकडचाच पत्ता द्या आणि त्याचे पुरावे जोडा, अर्ज कुठल्याही पासपोर्ट ऑफिसकडं करायची सोय २०१८ पासून आहे. आणि राहणं घरीच असेल तर घरातल्या माणसांना आधी सांगून ठेवा की विचारलं तर नीट सांगा, राहतो इथंच, कामाला तिकडं जातो.

आता प्रवास. खुलासा मेलनंही पाठवला असता, पण पाच महिने गेले होते आणि मला कागद कुणाच्या तरी हातात द्यायचा होता. चौकशीसाठी भेटीची वेळ पासपोर्टच्या पोर्टलवरूनच घेता येते, त्यासाठी लॉगिन लागतं, म्हणून परत कॅफेवाल्याकडं जाऊन पासवर्ड घेतला. वेळ आठ दिवसांनंतरची मिळाली. बेळगावहून रात्रीची रेल्वे पकडली, सकाळी बेंगळूर, मॅजेस्टिकला तोंड धुऊन इडली खाल्ली आणि सिटी बसनं कोरमंगला. ऑफिस ८० फूट रोडवर आहे. सकाळच्या ट्रॅफिकमध्ये वेळ हातात ठेवा, आम्ही दहा मिनिटं आधी पोचलो आणि तेवढ्यात माझा घाम निघाला.

सोबत काय होतं ते सांगतो. खुलाशाचं एक पानी इंग्रजी पत्र, त्यात सगळं खरं लिहिलेलं: कायमचं घर निपाणी, नोकरी कागल, पाळीप्रमाणं येणं जाणं, आई घरी असते, परत तपासणी करावी ही विनंती. कंपनीचं नोकरीचं पत्र, आधार, मतदार कार्ड, वर्षभराच्या एन्ट्र्या असलेलं निपाणीच्या बँकेचं पासबुक. आरटीआयचं उत्तर आणि मे महिन्यातल्या पत्राची प्रिंट. आणि पत्राच्या खाली ठळक अक्षरात भाच्याचा स्वतःचा मोबाईल आणि ईमेल, यापुढं इथंच कळवा म्हणून. सगळ्याचे दोन सेट, एक द्यायला, एकावर पोच घ्यायला. ओरिजिनल पण न्या.

काउंटरवरच्या साहेबांनी फाईल नंबर टाकला, कन्नडमध्ये काहीतरी विचारलं, भाच्याला मोडकंतोडकं येतं, मला तेवढंही नाही, मग हिंदीवर आले. मे महिन्याच्या पत्राची प्रिंट पुढं केल्यावर काम सरळ झालं, कारण आम्ही "आमचं काय झालं" विचारायला नाही तर त्यांनी विचारलेल्याचं उत्तर द्यायला आलो होतो. त्यांनी पासबुक चाळलं, दोन प्रश्न विचारले, कागद ठेवून घेतले आणि म्हणाले पोलीस तपासणी परत पाठवतो. दुसऱ्या सेटवर शिक्का मारून दिला. आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत तास पण लागला नसेल, आणि त्याच्यासाठी आमच्या दोन रात्री रेल्वेत.

चार दिवसांनी पोर्टलवरचं वाक्य बदललं, पोलीस तपासणी बाकी असं आलं. एवढ्या महिन्यांनी दुसरं कुठलं तरी वाक्य बघून भाच्यानं स्क्रीनशॉट काढून मला पाठवला.

या वेळी मी निपाणी स्टेशनात आधीच जाऊन भाच्याच्या पाळीचं वेळापत्रक सांगून आलो, कुठल्या दिवशी घरी सापडेल ते, आणि फॉर्ममध्ये ज्या दोन शेजाऱ्यांची नावं दिली होती त्यांना पण फोन करून ठेवला. पोलीस आले गुरुवारी सकाळी. दार आक्कानंच उघडलं आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "आहे की, इथंच असतोय, रात्रपाळी करून झोपलाय, उठवू काय?"