विशेषणांनी अडवलेली यादी: कॅटेगरी एंट्री पॉइंटचा माझा अनुभव

थंड पेयाच्या ब्रँडसाठी ग्राहकांच्या मुलाखती झाल्या, सर्व्हेची तारीख ठरली, आणि काम अडलं ते यादीवर: लोक पेय कोणकोणत्या प्रसंगी घेतात, त्या प्रसंगांच्या यादीवर. दर वेळी तिथेच अडतं, आणि दर वेळी कारण एकच असतं: यादीत विशेषणं घुसतात. ‘दर्जेदार’, ‘विश्वासार्ह’, ‘तरुणांचा’. काढली की पुढच्या मीटिंगमध्ये कोणीतरी ती परत आणून ठेवतं, आणि याचा मला मनापासून राग येतो.

कारण दर्जा आठवला म्हणून थंड पेय घ्यायला कोणी उठत नाही. उन्हातून आल्यावर घसा कोरडा पडलेला असतो, दुपारी डोळे मिटायला लागतात, अचानक चार पाहुणे येतात. मनात आधी हा प्रसंग येतो, आणि त्याच्या मागोमाग एखाददुसरा ब्रँड. हे प्रसंग म्हणजे कॅटेगरी एंट्री पॉइंट. जितक्या जास्त प्रसंगांना आपला ब्रँड जोडलेला, आणि जितक्या जास्त लोकांच्या मनात, तितकी त्याची मेंटल अव्हेलेबिलिटी, म्हणजे खरेदीच्या वेळी तो मनात येण्याची शक्यता, मोठी.

म्हणून यादीतली प्रत्येक ओळ ‘मी थंड पेय घेतो, जेव्हा…’ या वाक्यात बसवून बघा. ‘जेव्हा दुपारी सुस्ती येते’ बसतं. ‘जेव्हा विश्वासार्ह’ बसत नाही, ते खोडा. ओळीत ब्रँडची जाहिरातही डोकावता कामा नये. प्रसंग सगळ्या स्पर्धकांना सारखाच लागू हवा.

प्रश्नाची दिशाही इथेच चुकते. ब्रँड दाखवून ‘हा कसा वाटतो?’ विचारलं, तर कळतं ते मत. प्रसंग दाखवा आणि ‘यासाठी कोणकोणते ब्रँड मनात येतात?’ असं विचारा. कितीही निवडू द्या, ‘कोणताच नाही’ हा पर्यायही ठेवा.

मुलाखतीबद्दल एक राहिलंच: ब्रँडचं नाव न काढता शेवटच्या खरेदीबद्दल विचारायचं. कधी, कुठे, सोबत कोण, त्याआधी काय चाललं होतं. आणि सर्व्हेत फक्त आपले ग्राहक नकोत. वर्षातून एकदोनदाच घेणारे आणि स्पर्धकांचेही हवेत.

आकडे वाचताना मोठा ब्रँड बहुतेक प्रसंगांत पुढे दिसतो, त्यामुळे नुसते टक्के फसवतात. एखाद्या प्रसंगासाठी कोणी एक ब्रँड निवडला की झाली एक जोडणी. समजा, 300 जणांनी सगळे प्रसंग आणि सगळे ब्रँड मिळून 1000 जोडण्या केल्या. त्यातल्या 200 आपल्या, म्हणजे मेंटल मार्केट शेअर 20 टक्के. ‘दुपारची सुस्ती’ला सगळ्या ब्रँडच्या मिळून 150 जोडण्या आहेत. आपल्या आकाराप्रमाणे त्यातल्या 150 × 200 ÷ 1000, म्हणजे 30 आपल्याकडे यायला हव्यात. आल्या 12. ही खरी कमतरता.

तरी लगेच तिच्यामागे धावू नका. हा प्रसंग किती जणांवर आणि किती वेळा येतो, ते आधी बघा. वारंवार येत असेल तर जाहिरातीत तोच एक प्रसंग घ्या, आणि पेय हातात येतं त्याच दृश्यात ब्रँड स्पष्ट दिसू द्या. शेवटच्या दोन सेकंदांत लोगो टाकला, तर लोकांना सुस्ती आठवते, ब्रँड नाही.