आमची वाटचाल: सहा हजार पिना आणि तासांच्या दोन वह्या

आमच्या वर्कशॉपमध्ये दोन सीएनसी लेथ, एक पिलर ड्रिल, एक बेंच आणि चार माणसं आहेत. सुरुवातीची काही वर्षं मोठी ऑर्डर घ्यायची की नाही हे आम्ही फक्त मशीनच्या तासांवर ठरवत होतो. आता तासांच्या दोन वह्या आहेत, एक मशीनची आणि एक माणसांची. दुसरी का लागली ते सहा हजार पिनांच्या ऑर्डरवरून सांगतो.

मुदत पाच आठवडे, म्हणजे कामाचे तीस दिवस. सेटिंग आणि पहिला नग पास होण्यात एक दिवस जातो, शेवटच्या तपासणीला आणि रवानगीला दोन. राहिले सत्तावीस. रिजेक्शनसाठी तीन टक्के जादा धरून 6,180 नग काढायचे. लेथवर एका नगाला कटिंग साडेतीन मिनिटं आणि चढव-उतर अर्धं, मिळून चार मिनिटं, म्हणजे एकूण 412 तास. दोन लेथ आठ तासांच्या पाळीत सत्तावीस दिवस चालल्या तर 432 तास. बसतंय की! इथेच फसगत होते.

इन्सर्ट बदलणं, ऑफसेट देणं, चकात गुंतलेली बर ओढून काढणं, यात आमच्या लॉगबुकप्रमाणे पंधरा टक्के वेळ जातो. (हा आकडा ज्याचा त्याने स्वतःच्या लॉगबुकातून काढावा, दुसऱ्याचा उसना घेऊ नये.) 432 चे झाले 367. नेहमीच्या गिऱ्हाइकांचं काम 40 तासांचं, ते वजा केल्यावर 327. म्हणजे 85 तास कमी.

आता माणसांची वही. चार माणसांचे कागदावर 864 तास. चहा, साफसफाई, माल आणणं-ठेवणं आणि रजा धरून आम्ही ऐंशी टक्केच धरतो, म्हणजे 691. नेहमीच्या कामाला 130 गेले की उरतात 561. ड्रिलला नगामागे दीड मिनिट, म्हणून 155 तास. डीबरिंग, गेज लावणं आणि पॅकिंग मिळून दोन मिनिटं, म्हणून 206. लेथला किती धरायचे? दर लेथला एक माणूस दिला तर 412 आणि बेरीज 773, म्हणजे 212 तासांची तूट. एकाच माणसाने दोन्ही लेथ सांभाळल्या तर लेथचे 206, बेरीज 567, तूट फक्त सहा तासांची. एवढा फरक एका निर्णयाने पडतो, आणि मशीनच्या वहीत तो दिसतच नाही.

दोन लेथ एकाला झेपतात का, हे घड्याळ लावून पाहावं लागतं. सलग वीस नगांची वेळ घ्यायची, एका नगाची नाही. चार मिनिटांत दोन नग निघतात. प्रत्येकाला चढव-उतर अर्धं मिनिट आणि गेज अर्धं, म्हणजे माणसाची दोन मिनिटं जातात आणि दोन उरतात. त्या दोन मिनिटांत डीबरिंगही करून घ्यावं असा मोह होतो. करू नये. पहिल्यांदा बळी जातो तो गेजचा, आणि झिजलेल्या इन्सर्टने काढलेले ओव्हरसाइज नग ट्रे भरल्यावर कळतात. दोन्ही लेथ एकाच क्षणी थांबल्या तर एक ताटकळते, म्हणून दुसरी दोन मिनिटं मागे सुरू करायची.

लेथचे 85 तास भरून काढायला दोन्ही लेथ रोज दोन तास जादा, पंचवीस दिवस. पंधरा टक्के वजा जाऊनही दिवसाला 3.4 मशीन-तास मिळतात, माणसाचे मात्र दोनच खर्च होतात. लेथचं काही काम संध्याकाळी गेल्याने दिवसाच्या पाळीत 561 पैकी साधारण 524 तासच लागतात. उरलेले 37 तास एखादा आजारी पडला तर उपयोगी येतात. जादा वेळ दोघांनी आळीपाळीने करायची, कारण दहाव्या तासाला गेज वाचताना चूक होते.

ड्रिलचं गणित वेगळं आहे. तिथे माणूस हललाच नाही तर मशीन काहीच करत नाही, म्हणून दोन्ही वह्यांतला कमी आकडा खरा. मशीनकडून दिवसाला 272 नग निघू शकतात, पण माणसाच्या 6.4 तासांत 256 च. लेथकडून जादा वेळेसह रोज सुमारे 232 येतात. ड्रिलची आघाडी फक्त चोवीसची. ड्रिल जिग तीन दिवस उशिरा आली तर जवळपास सातशे नग साचतात, आणि रोज चोवीसने ते भरायला एकोणतीस दिवस लागतील. ऑर्डर सत्तावीस दिवसांची आहे. म्हणून जिग हातात आल्याशिवाय लेथचं सेटिंग सुरू करत नाही.

बेंचवर एका माणसाचे दिवसाला 192 नग होतात, चाळीस मागे राहतात. ते नेहमीचं काम पाहणारा चौथा माणूस रोज ऐंशी मिनिटं देऊन उरकतो. भिंतीवरच्या फळ्यावर संध्याकाळी लेथ, ड्रिल आणि बेंचचे त्या दिवसापर्यंतचे एकूण नग लिहितो. लेथ आणि ड्रिलमधलं अंतर अडीचशेवर गेलं की दुसऱ्याच दिवसापासून ड्रिल अर्धा तास जास्त चालते.