दोन-तृतीयांश चेहरा मोकळा ठेवा

तुम्ही विचारलंत: "चेहऱ्याचा रंग जरा एकसारखा दिसावा, पण काही लावलंय असं समोरच्याला वाटू नये. पुरुषाने नेमकं काय लावायचं आणि किती?"

टिंटेड मॉइश्चरायझर, म्हणजे हलका रंग मिसळलेलं मॉइश्चरायझर लावायचं, तेही चेहऱ्याच्या मधल्या भागालाच. जिथे ते पुरणार नाही तिथे कन्सीलरचे, म्हणजे डाग झाकणाऱ्या दाट रंगाच्या क्रीमचे, दोन-तीन ठिपके द्यायचे. बाकी दोन-तृतीयांश चेहऱ्याला हात लावायचा नाही. कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्यांचे चेहरे तयार करणं हे माझं काम, आणि पुरुषांच्या बाबतीत माझा निम्मा वेळ लावण्यात जात नाही, लावलेलं काढण्यात जातो. कुणाचाही चेहरा मुळात एका रंगाचा नसतो. नाकपुड्यांच्या कडा लालसर असतात, ओठांभोवती रंग थोडा गडद असतो, उन्हात वावरणाऱ्याचं कपाळ गालांपेक्षा सावळं असतं. हे सगळं एका रंगात आणलं की बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. त्यात आपल्याला दाढी आहे. नुकती केलेली असो वा राखलेली, लावलेलं सगळ्यात आधी तिथे उघडं पडतं.

एक उदाहरणच सांगतो. मध्यंतरी एक प्राध्यापक आले होते. चाळिशीच्या आसपास वय, गव्हाळ-सावळा रंग, रोज गुळगुळीत दाढी करणारे. डोळ्यांखाली काळं, गालांवर जुन्या मुरुमांचे तपकिरी डाग आणि हनुवटीवर दाढीची राखाडी छाया. म्हणाले, "घरी काही बोललेलो नाही. बायकोला कळलं नाही तर पास." मला ही परीक्षा आवडली, कारण रोज हातभर अंतरावरून बघणाऱ्या माणसाइतका कडक परीक्षक दुसरा नाही.

आधी शेड. त्यांनी हातावर लावून घेतलेली एक ट्यूब आणली होती, ती बाजूला ठेवली. हाताच्या आणि चेहऱ्याच्या रंगाचा फारसा संबंध नसतो. जबडा जिथे मानेला मिळतो तिथे जवळजवळच्या तीन शेड्सचे बोटभर पट्टे ओढले आणि त्यांना पंधरा मिनिटं बसवून ठेवलं. ही पंधरा मिनिटं टाळू नका. ओलं असताना दिसणारा रंग आणि वाळल्यावरचा रंग यांत फरक पडतो. त्वचेच्या तेलात मिसळून बऱ्याच शेड्स थोड्या गडद होतात. मग खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात पाहिलं. सगळ्यात फिका पट्टा राखेसारखा दिसत होता. मधला रंगाने बरोबर होता पण गुलाबीकडे झुकणारा. तिसरा, किंचित गडद आणि पिवळसर, कुठे संपतो ते शोधावं लागत होतं. तोच घेतला. अडलं की फिक्याऐवजी किंचित गडद शेड निवडा. गडद शेड फार तर उन्हात फिरून आल्यासारखी वाटते, फिकी मात्र मुखवट्यासारखी दिसते.

फिका पट्टा राखाडी का दिसतो, हेही समजून घ्या. या क्रीममधला रंग येतो लोहाच्या ऑक्साइड्समधून, म्हणजे लाल, पिवळा आणि काळा. त्यांना फिकं करायला टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य घालतात. पांढरं जास्त आणि लाल-पिवळं कमी असेल, तर सावळ्या त्वचेवर ते मिश्रण राखाडी पडतं. टिंटेड सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड असेल तर हीच तक्रार आणखी वाढते. तुमच्या कातडीत काही खोट नसते, ट्यूबमधलं प्रमाण तुमच्यासाठी नसतं, एवढंच.

आता लावणं. दाढी केल्यावर लगेच काही लावायचं नाही. पात्याने खरवडलेली कातडी झोंबते आणि क्रीम ठिपक्याठिपक्यांनी धरते. साधं मॉइश्चरायझर लावून दहा मिनिटं जाऊ दिली, मग सनस्क्रीन, पुन्हा थोडा वेळ. टिंटेड मॉइश्चरायझरवर एसपीएफचा आकडा छापलेला असला तरी सनस्क्रीन वेगळं लावा. तो आकडा दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम एवढा जाड थर देऊन मोजलेला असतो, आणि तेवढं टिंट लावलंत तर आपण ज्यासाठी बसलोय तेच फसेल.

टिंट घेतलं वाटाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्याला मिळून. बोटांवर चोळून पातळ केलं आणि नाकाच्या दोन्ही बाजूंपासून सुरुवात केली, कारण रंगाचा सगळा गोंधळ तिथेच असतो. तिथून गालांवर बाहेरच्या दिशेने जात जात बोटांवरचं संपलं पाहिजे. कल्ल्यांपर्यंत, कानांपर्यंत पोचायचंच नाही. कपाळावर फक्त भुवयांच्या मधोमध, जेवढं बोटांवर उरलं असेल तेवढं. जबड्याच्या रेषेखाली काहीही नाही, नाहीतर दुपारपर्यंत कॉलरची आतली बाजू सगळं सांगून टाकते.

दाढी राखणाऱ्यांनी केसांच्या कडेपासून बोटभर आधी थांबावं. खुंटांवर क्रीम बसलं की प्रत्येक केसाच्या मुळाशी फिकट कण दिसतो. ओल्या फडक्याने केसांच्या दिशेने पुसला तर निघतो, उलट पुसला तर आणखी आत बसतो. भुवयांचंही तसंच. लावून झालं की स्वच्छ, कोरडा टूथब्रश भुवयांतून एकदा फिरवायचा.

एवढ्याने प्राध्यापकांच्या गालांवरचे डाग निम्मे फिके झाले होते. मी तिथेच थांबलो. त्यांना ते पूर्ण घालवायचे होते. मी नाही म्हटलं. डाग अर्धा दिसत राहिला तर तो त्वचेचा वाटतो, पूर्ण गेला की त्या जागी रंगाचा थर दिसायला लागतो.

डोळ्यांखाली मात्र टिंट पुरलं नाही. तिथे कन्सीलर उघडण्याआधी आरसा हातात घेऊन हनुवटी वर करा आणि चेहरा उजेडाकडे न्या. काळेपणा नाहीसा झाला, तर तो रंग नव्हे, डोळ्याखालच्या खोलगटपणाची सावली आहे. तिच्यावर कन्सीलरचा जवळजवळ उपयोग नाही, उलट फिका कन्सीलर भरला की तो भाग फुगीर वाटतो. काळेपणा तसाच राहिला तर तो रंग आहे. निळसर-जांभळट असेल तर पातळ कातडीतून शिरा दिसताहेत, तपकिरी असेल तर तिथे रंगद्रव्य जास्त आहे. प्राध्यापकांचा थोडा निळसर, थोडा तपकिरी होता, म्हणजे नेहमीचाच प्रकार. अशा वेळी आपल्या रंगापेक्षा फिकं काही लावू नये. सावळ्या रंगावर नारिंगीकडे झुकणारा, गोऱ्या रंगावर पीच छटेचा कन्सीलर निळेपणा मारतो. टाचणीच्या डोक्याएवढा एक ठिपका नाकाजवळच्या कोपऱ्यात, जिथे सगळ्यात गडद असतं तिथे दिला आणि अनामिकेने थापटत थापटत बाहेर नेला. अनामिकाच का, तर तिचा जोर आपोआप कमी पडतो. चोळायचं नाही, चोळलं की तो ठिपका फक्त जागा बदलतो. पापण्यांच्या अगदी कडेपर्यंतही जाऊ नका. हसलं की तिथल्या सुरकुत्यांत रंगाच्या रेघा उमटतात.

आता हनुवटीवरची छाया, जिच्यासाठी बहुतेक जण कन्सीलर विकत घेतात आणि जिथे तो सगळ्यात कमी कामाला येतो. ती छाया कातडीवर नसते. कापलेल्या केसाचा जो भाग आत राहतो, तो कातडीतून निळसर-राखाडी दिसतो. त्यावर त्वचेच्या रंगाचा किंवा फिका कन्सीलर लावला की खालचा निळा आणि वरचा फिका मिळून मातकट राखाडी होतो. नारिंगी छटेचा अगदी विरळ थर मिशीच्या जागी आणि हनुवटीच्या दोन कोपऱ्यांत थापटला, तर छाया निम्म्यावर येते. त्याहून जास्त मागू नका. दाढी दिवसाला अर्धा मिलिमीटरही वाढत नाही, पण तेवढी पुरते: संध्याकाळी केस थरातून वर येतात आणि सकाळी लावलेलं त्यांच्याभोवती कणाकणाने उभं राहतं. बाहेर उशिरापर्यंत राहायचं असेल त्या दिवशी मी तिथे काहीच लावू देत नाही. छाया असलेला पुरुष नेहमीचाच असतो, थर सुटलेला मात्र लोक वळून बघतात.

दाढीनंतर उठणारे पुरळ हा वेगळा विषय, पण ओघात आलाच म्हणून सांगतो. कन्सीलरने रंग झाकतो, उंची झाकत नाही. उठलेल्या पुरळावर थर दिला की त्याचा लालपणा जातो आणि बाजूच्या उजेडात टेकडी तेवढी स्पष्ट दिसते. पात्याने कापलेल्या ताज्या जखमेवर तर लावायचंच नाही.

चमक राहिली तर टिश्यू दाबायचा. पावडर मी फक्त नाकाच्या बाजूंना वापरतो, अगदी नावापुरती. दाढीच्या भागात ती खुंटांवर पांढरी दिसते. घाम आला की टिपायचा, पुसायचा नाही.

तपासणी फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात करू नका. बरेच फोन आपणहून कातडी गुळगुळीत करून दाखवतात, त्यात कुणीही पास होतो. खिडकीला कूस करून उभं राहा, उजेड बाजूने पडू दे, आणि आरशात आधी कल्ले, मग कानांपुढचा भाग, मग जबड्याची रेघ बघा. कड दिसली तर ओल्या स्पंजने ती थापटून पुसट करायची. वर आणखी क्रीम लावून कड झाकायला गेलात तर ती पुढे सरकते, जात नाही.

प्राध्यापकांचा दुसऱ्या दिवशी निरोप आला: बायकोने विचारलं, आज झोप पूर्ण झाली का. ते पास झाले असं मी धरतो. त्यांनी हे रोज करावं का, असंही विचारलं होतं. करायला हरकत नाही, फक्त रात्री साध्या पाण्याने तोंड धुऊन भागत नाही. क्लेन्झर दाढीच्या भागात केसांच्या उलट दिशेने मिनिटभर फिरवा, धुवा, आणि मग ओला पांढरा कापूस हनुवटीवर दाबा. त्यावर तपकिरी उमटलं तर पुन्हा धुवा. खुंटांच्या मुळाशी राहिलेलं क्रीम सकाळी पात्याखाली येतं, पातं अडतं, आणि मग वर सांगितलेलं पुरळ उठायला निमित्त मिळतं.