'क्रॉकरी, मिक्स, १ लॉट': भांड्यांचा विमा काढतानाचा माझा अनुभव

नौपाड्यातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि घर रिकामं करायची तारीख आली. घोडबंदर रोडला भाड्याचा फ्लॅट, पॅकर्स, गॅस, इंटरनेट, सगळं बिनबोभाट पार पडलं. अडलं ते फक्त सामानाच्या प्रवास-विम्याच्या फॉर्मवरच्या एका ओळीशी. माझ्या सासूबाईंनी उभ्या आयुष्यात जमवलेल्या भांड्यांसमोर पॅकर्सच्या माणसाने लिहिलं होतं: 'क्रॉकरी, मिक्स, १ लॉट.'

आई स्वतः हौसेने चाकावर बसायच्या. प्रदर्शनांतून, कुंभारांच्या स्टुडिओतून त्यांनी एकेक वस्तू निवडून आणली. त्याच कपाटात लग्नात आलेले कारखान्याचे डिनरसेटही आहेत, फुलदाण्याही आहेत. 'लॉट' म्हणजे सगळ्याला मिळून एकच रक्कम, त्यामुळे एखादी मोठी बरणी फुटली तरी तिच्या वाट्याला चहाच्या कपाएवढे पैसे. घोडबंदर रोडचे खड्डे ज्यांना ठाऊक आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. वस्तू वेगळी नोंदवायची, तर ती हाताने घडवलेली आहे याचा पुरावा द्या, असं फॉर्मवर होतं. पुरावा म्हणजे काय, ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मग सर्व्हेअर आले. उभ्यानेच कपाट पाहिलं, दोन-चार वस्तू उलट्या केल्या आणि नियम सांगून टाकला: "मॅडम, खाली मार्क असेल तर आर्टिकल, नसेल तर क्रॉकरी." या नियमाने त्यांनी खालच्या बाजूला आकडे कोरलेली फुलदाण्यांची जोडी 'आर्टिकल'मध्ये टाकली आणि आईंची सगळ्यात लाडकी, बिनशिक्क्याची बरणी क्रॉकरीत. आई आतल्या खोलीतून ओरडल्या, "अहो, आधी बूड बघा, मग शिक्का!" सर्व्हेअर हसले आणि चहा पिऊन गेले. त्यानंतर मेल पाठवला की एकच उत्तर यायचं: 'अंडर प्रोसेस'. तारीख जवळ येत चाललेली, आणि माझं डोकं रोज थोडं जास्त तापत होतं.

शेवटी मी ठरवलं की त्यांच्याच नियमाला धरून त्यांचाच नियम खोडायचा. प्रत्येक वस्तूच्या तळाचा फोटो, शिक्क्याचा ठसा आणि दोन ओळींचं कारण, असा तक्ता करायला घेतला. तुमच्यावर अशी वेळ आली तर खालचं उपयोगी पडेल. फोटो काढण्याआधी तळाला चिकटवलेले फेल्टचे तुकडे आणि जुनी किमतीची लेबलं काढा, निम्मे शिक्के त्यांच्याखालीच सापडतात. मात्र झिलईला बारीक तडे असलेली मातीची भांडी पाण्यात भिजत घालू नका. तड्यांतून पाणी आत शिरतं आणि डाग उमटतात. ओल्या फडक्याने पुसलं तरी पुरतं.

आता ती फुलदाण्यांची जोडी. दोन्हींच्या तळाशी २१४ हा आकडा खोलगट उमटलेला. सर्व्हेअरांना वाटलं की दाबून उमटवलेला आकडा म्हणजे हाताचं काम. पण खोलगट शिक्का कारखानेही वापरतात. वेजवुडसारख्या इंग्लिश कारखान्याच्या हजारो वस्तूंवर नाव असंच दाबलेलं असतं. शिक्का आहे की नाही यापेक्षा तो मातीत आला कसा, हे महत्त्वाचं. कुंभार शिक्का मारतो तेव्हा भांडं अर्धवट वाळलेलं असतं. कणकेत बोट दाबल्यावर कडेने उचलली जाते, तशी माती शिक्क्याभोवती किंचित वर येते. एक बाजू खोल जाते, दुसरी उथळ राहते, कारण हात कधीच अगदी सरळ पडत नाही. साच्यात ओतलेल्या भांड्यात मात्र आकडा साच्यातच असतो. भोवताली उचललेली माती नाही, अक्षरांच्या कडा गोलसर, खोली सगळीकडे सारखी.

हे बघायला घरातले दिवे मालवा आणि मोबाईलचा टॉर्च तळाला जवळजवळ टेकवून बाजूने मारा. वरून प्रकाश टाकलात तर काही दिसत नाही. मग पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासत ठसा घ्या. मी दोन्ही फुलदाण्यांचे ठसे घेतले, बुडाची कडाही कागदावर येईल असे, आणि एकावर एक ठेवून खिडकीला धरले. आकड्याचं बुडाच्या कडेपासूनचं अंतर, त्याचा कल, सगळं तंतोतंत जुळलं. हाताने मारलेले दोन शिक्के आकाराने सारखे असतील, पण जागा आणि कल इतके जुळत नाहीत. उजेडात फिरवल्यावर दोन्हींच्या अंगावर उभी पुसट रेघही दिसली, साच्याचे दोन भाग जुळतात तिथली. बोट आत घातलं तर बाहेर जिथे फुलाचा उठाव तिथे आत खळगा. चाकावरच्या भांड्याला बाहेरून फूल चिकटवलं तर आत खळगा पडायचं कारणच नाही. म्हणजे ज्या जोडीला ते 'आर्टिकल' म्हणत होते, ती स्पष्टपणे साच्यातली. फुलदाण्या सुंदर आहेत, पण साच्यातल्या आहेत, एवढंच मी तक्त्यात लिहिलं.

बरणीचं उलटं. शिक्का नाही, सही नाही. पण बुडाला झिलई नाही आणि तिथे शंखासारखी, एका बाजूला सरकलेली वलयं आहेत. चाक फिरत असतानाच तार ओढून भांडं कापलं की अशी वलयं उमटतात, आणि चाक थांबवून कापलं तर रेघा सरळ येतात. आतून हात फिरवला की बोटांच्या कडा तळापासून तोंडाकडे चढत जाताना लागतात. भिंत खाली जाड, वर पातळ. हा पुरावा शिक्क्यापेक्षा पक्का आहे, कारण शिक्का नंतरही मारता येतो, ही वलयं मात्र घडवतानाच पडतात. शिक्का नसणं म्हणजे कमीपणा, असंही काही नाही. इंग्लंडमधून १९२० च्या दशकात जपानला परतल्यावर शोजी हामाडा या नामांकित जपानी कुंभाराने भांड्यांवर शिक्का मारणं सोडलं. सही असायची ती लाकडी पेटीवर. त्याची भांडी आमच्या सर्व्हेअरांच्या हाती आली असती तर ती क्रॉकरी, मिक्स, १ लॉट झाली असती.

रंगवलेल्या खुणांचा घोळ वेगळाच. एका बशीखाली इंग्रजीत 'हँड पेंटेड' लिहिलेलं. तेवढ्यावर सर्व्हेअर खूश! घड्याळवाले डोळ्याला लावतात तसं दहापटीचं भिंग घेऊन बघा. ब्रशने लिहिलेल्या अक्षरात रंग कुठे दाट, कुठे विरळ असतो, जिथे ब्रश उचलला तिथे साचलेला असतो, दोन फटकारे एकमेकांवरून गेले तिथे गडद होतो. या बशीवर 'हँड पेंटेड' हे शब्दच छापलेले होते, सगळ्या अक्षरांचा रंग एकसारखा. वरच्या बाजूला फुलांची बाह्यरेषा छापलेली आणि तिच्या आत रंग हाताने भरलेला. कारखान्यात असं काम सर्रास होतं. रंगवणाऱ्याची बारीक खूण किंवा नक्षीचा क्रमांकही तळाला हाताने लिहिलेला असतो. ती खूण खरी, पण ती रंगवणाऱ्याची. बशी घडवणाऱ्याची नव्हे. तक्त्यात मी दोन रकाने केले, 'घडवणं' आणि 'रंगवणं', आणि तिथे पहिल्यांदा विमा कंपनीच्या मुख्य कार्यालयातल्या बाईंना फोनवर माझं म्हणणं पटल्यासारखं वाटलं.

शिक्के असलेली स्टुडिओची भांडी सोपी, असं मी धरून चालले होते. आईंकडे एकाच कुंभारणीचे वाडगे आहेत, पुदुच्चेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीत शिकलेल्या. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये सुरू केलेली ही जागा, आणि आपल्याकडचे कितीतरी स्टुडिओ-कुंभार तिथे तयार झाले. वाडग्यांच्या बुडाजवळ, बाहेरच्या अंगाला छोटा चौकोनी शिक्का, त्यात झिलई साठून काळसर झालेली. सर्व्हेअरांचा प्रश्न: "एकाच बाईंचा शिक्का, मग प्रत्येक वाडग्यावर वेगळा का दिसतो?" अहो, हाताने मारलाय म्हणून! ठसे काढून दाखवले: चौकोन तोच, कोपऱ्यातला तुटका दातही तोच, पण प्रत्येकाचा कल निराळा.

शिक्का पट्टीने मोजून मिलिमीटरही लिहा, हे इथेच सांगते. भाजताना माती आकसते, स्टोनवेअर म्हणजे जास्त आचेवर भाजलेली कठीण भांडी बऱ्याचदा दहा-बारा टक्के. कुणी तयार भांड्यावरून साचा घेऊन नक्कल ओतली तर शिक्काही त्या साच्यात येतो आणि पुन्हा एकदा आकसतो. मूळ शिक्का दहा मिलिमीटरचा असेल तर नकलेवर तो नऊच्या आसपास भरतो, वर बोथट दिसतो. एकाच मातीच्या दोन खऱ्या भांड्यांत एवढा फरक पडत नाही. माती निराळी असेल किंवा कुंभाराने शिक्का बदलला असेल तर मात्र मापावरून ठाम बोलू नये. आमच्या वाडग्यांची मापं जुळली.

आणि दोन शिक्के असतील तर दोन्हींचे फोटो घ्या. १९२० मध्ये सुरू झालेल्या, इंग्लंडमधल्या सेंट आइव्हजच्या लीच पॉटरी या कार्यशाळेची पद्धत माहीत असली की हे लक्षात येतं. रोजच्या वापराच्या, अनेकांनी मिळून केलेल्या भांड्यांवर फक्त कार्यशाळेचा शिक्का असायचा. एका कुंभाराची स्वतःची वस्तू असेल तर शेजारी त्याचा वैयक्तिक शिक्का. दोन्ही हाताचीच, पण किंमत सारखी नसते, आणि विम्याच्या फॉर्मवर किंमतच विचारतात.

तक्ता पाठवल्यावरही 'अंडर प्रोसेस' आलंच. मग मी सर्व्हेअरना पुन्हा घरी बोलावलं, दिवे मालवले आणि टॉर्च त्यांच्याच हातात दिला. फुलदाणीचा आकडा आणि वाडग्याचा शिक्का, दोन्ही शेजारी. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हे आम्हाला कोणी शिकवतच नाही हो." राग तिथे अर्धा उतरला, खोटं कशाला बोलू! उरलेला अर्धा मुख्य कार्यालयासाठी राखून ठेवलाय.

ट्रक यायच्या आदल्या संध्याकाळी मंजुरी आली. वाडगे एकेक करून नोंदवले गेले, फुलदाण्या आणि बशी लॉटमध्ये गेल्या. बरणी 'बिनसहीची, चाकावर घडवलेली' म्हणून वेगळी लागली, पण आईंनी सांगितलेल्या रकमेच्या निम्म्यावर. घडवण्याची पद्धत तळ बघून सांगता येते, कर्ता नाही, आणि कर्त्याविना जास्त रक्कम द्यायला ते तयार नव्हते. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सही केली. आईंनी ती बरणी ट्रकमध्ये द्यायला साफ नकार दिला, आणि रिक्षात मांडीवर घेऊन गेल्या.